फोटोतला दगड ओळखायचा कसा: संगमरवर, ग्रॅनाइट, वालुकाश्म की चुनखडक?

ताजमहालाचे तीन फोटो शेजारी ठेवा: एक पहाटेचा, एक भर दुपारचा आणि एक ढगाळ दिवसाचा. पहिल्यात दगड गुलाबीसर दिसेल, दुसऱ्यात पांढराशुभ्र, तिसऱ्यात राखाडी. दगड तोच, मकराण्याचा संगमरवर. म्हणून फोटोतला दगड ओळखताना रंग सगळ्यात शेवटी विचारात घ्यायचा. पांढरा तो संगमरवर, लाल तो वालुकाश्म आणि करडा तो ग्रॅनाइट हे गणित पहिल्याच परीक्षेत कोसळतं. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल पांढरं आहे, पण ते चुनखडकाचं. इजिप्तमधल्या अस्वानचा प्रसिद्ध ग्रॅनाइट चक्क गुलाबी-तांबडा आहे.

विश्वास ठेवायचा तो तीन गोष्टींवर: दगडाचा दाणा, त्याची झिलई आणि त्याची झीज. माझा स्वतःचा कल झिजेकडे जास्त आहे. दाणा दिसायला फोटो जवळचा लागतो, झिलई बघायला उजेड अनुकूल लागतो, झीज मात्र बऱ्याचदा लांबच्या फोटोतही दिसते.

आधी फोटोचा हिशेब

दगडाकडे बघण्याआधी या फोटोत काय दिसू शकतं ते ठरवा. समजा फोटो 4000 पिक्सेल रुंद आहे आणि त्यात 20 मीटर रुंदीची दर्शनी भिंत मावली आहे. म्हणजे एका पिक्सेलमध्ये भिंतीचे 5 मिलिमीटर आले. ग्रॅनाइटचा दाणा साधारण 1 ते 5 मिलिमीटरचा असतो, कधी त्याहून मोठा. तेव्हा अशा फोटोत दाणा दिसत नाही म्हणून हा ग्रॅनाइट नव्हे, असं म्हणता येत नाही, कारण तो दिसणं शक्यच नव्हतं. त्याच कॅमेऱ्याने 2 मीटरचा तुकडा टिपला तर एका पिक्सेलला अर्धा मिलिमीटर येतो आणि ग्रॅनाइटचे दाणे सुटे दिसू लागतात. वालुकाश्माचे दाणे मात्र अजूनही दिसणार नाहीत. ते 2 मिलिमीटरपेक्षा लहान आणि बहुतेकदा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतात. एक दाणा ओळखू यायला त्यावर निदान तीन-चार पिक्सेल तरी पडावे लागतात.

मोजायला फोटोत माणूस, दाराची उंची, पायरी असं काहीतरी सापडतंच. पायरी साधारण 15 ते 18 सेंटिमीटर उंच धरली की अंदाज पुरेसा येतो.

मग फोटो पूर्ण आकारात, म्हणजे 100 टक्क्यांवर उघडा आणि आधी आकाशाचा कोपरा बघा. आकाशातही रवाळपणा दिसत असेल तर तो कॅमेऱ्याचा आहे, दगडाचा नाही. उलटही घडतं. फोनचा कॅमेरा कमी उजेडात हा रवाळपणा पुसून टाकतो, आणि त्याबरोबर दगडाचा दाणाही पुसला जातो. मग खरखरीत वालुकाश्म संगमरवरासारखा गुळगुळीत दिसतो. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या फोटोत तर दाण्यावर बोलूच नये. तिथे थेट झिजेकडे वळावं.

दाणा

जवळचा फोटो हाती असेल तर पहिला प्रश्न असा: दाणे एकाच रंगाचे आहेत की दोन-तीन रंगांचे?

ग्रॅनाइटमध्ये निदान दोन-तीन खनिजं डोळ्यांना वेगळी दिसतात. राखाडी, काचेसारखा क्वार्ट्झ; पांढरा किंवा गुलाबी फेल्डस्पार; आणि काळे ठिपके म्हणजे अभ्रक किंवा त्याचे भाऊबंद. हे ठिपके कुठल्याही दिशेने बघितलं तरी सारखेच विखुरलेले असतात, त्यांना थर नसतो. ठिपके ओढल्यासारखे एका दिशेने लांबलेले आणि पट्ट्यांत मांडलेले दिसले तर तो नाइस नावाचा, उष्णता आणि दाबाखाली बदललेला पट्टेदार दगड असण्याची शक्यता मोठी. इमारतींच्या वर्णनात त्यालाही सर्रास ग्रॅनाइट म्हटलं जातं आणि झिजेच्या बाबतीत तो बराचसा तसाच वागतो.

संगमरवर म्हणजे उष्णता आणि दाबाखाली पुन्हा स्फटिक झालेला चुनखडक. त्याचे दाणे जवळजवळ एकाच खनिजाचे, एकाच रंगाचे आणि एकमेकांत घट्ट अडकलेले असतात. तुटलेल्या कडेवर ते साखरेसारखे चमचमतात. रंगाचा फरक दाण्यादाण्यात नसतो, शिरांमध्ये असतो: करड्या, कडा पुसट असलेल्या, वळणं घेत जाणाऱ्या शिरा. अशी शीर एका लादीवर सुरू होते आणि सांध्यापाशी अचानक थांबते, कारण पुढची लादी वेगळ्या ठोकळ्यातून कापलेली असते.

वालुकाश्मातही रेषा असतात, पण त्या थरांच्या असतात. जवळजवळ समांतर, आणि कधी कधी एका गठ्ठ्याला दुसरा गठ्ठा तिरका छेदून गेलेला. वाहत्या पाण्याने किंवा वाऱ्याने वाळू साचवली त्याची ही खूण. अशी तिरकी थररचना ठळक दिसली तर चारांपैकी वालुकाश्माचंच पारडं जड समजावं. काही चुनखडकांतही ती असते, पण सहसा इतकी डोळ्यांत भरत नाही. उत्तर भारतातल्या लाल वालुकाश्मात आणखी एक खूण मिळते. लाल दगडात मध्येच फिकट पिवळसर ठिपके आणि डाग असतात, तिथलं लोह निघून गेलेलं असतं. मथुरेच्या कुषाणकालीन मूर्तींच्या फोटोत हे ठिपके चेहऱ्यावर, छातीवर कुठेही उमटलेले दिसतात. ते रंगाचे ओघळ नाहीत, दगडच तसा आहे.

चुनखडकाचा दाणा बहुधा दिसत नाही, आणि हीच त्याची पहिली ओळख. पृष्ठभाग मऊसर, एकसुरी, दुधाळ किंवा फिकट पिवळा. पण नीट शोधलं तर शिंपल्यांच्या वक्र कडा, शंखांचे काप किंवा मिलिमीटरभराचे गोल कण सापडतात. शिंपला स्पष्ट दिसला की संगमरवर जवळजवळ बाद. संगमरवर होताना जीवाश्म सहसा पुसले जातात.

झिलई

इथे प्रश्न दगड चकाकतो का, एवढाच नाही. चकाकतो तो भाग उघड्यावर आहे का, आणि किती वर्षं, हे विचारायचं.

पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. संगमरवर आणि चुनखडक दोन्ही कॅल्साइट या खनिजाचे, त्यामुळे ते त्या पाण्यात हळूहळू विरघळतात. उघड्यावरच्या संगमरवराची आरशासारखी झिलई थोड्याच वर्षांत मंद होते. आकार शाबूत राहतो, चकाकी जाते. ग्रॅनाइटमधली खनिजं अशा पाण्याला फारशी दाद देत नाहीत. म्हणून छप्पर नसलेल्या, दशकानुदशकं पावसात असलेल्या पृष्ठभागात आकाशाचं प्रतिबिंब दिसत असेल, तर चारांपैकी ग्रॅनाइट हे उत्तर जवळजवळ पक्कं. मात्र फोटो पावसानंतरचा नाही ना, एवढं तपासा. ओला दगड कुठलाही असो, चकाकतो. जमिनीवर डबकी आणि खालच्या भागात गडद पट्टा असेल तर झिलईवरून काहीच ठरवू नका.

छपराखाली हा नियम चालत नाही. तिथे संगमरवर शतकानुशतकं तुकतुकीत राहू शकतो. मग बघायचं ते कडांकडे. प्रकाश संगमरवरात थोडा आत शिरतो आणि पसरून बाहेर येतो. त्यामुळे मूर्तीची बोटं, कानाची पाळी, जाळीच्या पातळ पट्ट्या मागून उजेड असेल तर उजळलेल्या दिसतात, आणि सावलीची कडा किंचित मऊ होते. ग्रॅनाइटमध्ये हे घडत नाही, चुनखडकात सहसा घडत नाही. जाळीच्या मागे ऊन असलेला फोटो मिळाला तर तो सोडू नका.

वालुकाश्म झिलई घेत नाही असं सरसकट सांगितलं जातं. सारनाथचा सिंहशीर्ष बघा. चुनारचा बारीक दाण्याचा, फिकट पिवळसर वालुकाश्म, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, आणि चकाकी अशी की फोटोत पहिल्यांदा बघणारा संगमरवरच म्हणेल. त्याच्या पृष्ठभागावर शिरा नाहीत, बारीक काळे ठिपके मात्र आहेत. अपवाद मोठा आहे, पण तो मौर्यकालीन कारागिरीचा आहे. बाकी ठिकाणी चकाकणारा वालुकाश्म दिसला तर त्यावर नंतर लेप चढवला असेल का, ही शंका आधी घ्यावी.

झीज: पाऊस कुठे पोचतो?

आता छज्जा, कमानीचा वरचा कंगोरा, कोनाडा अशी जागा शोधा, जिथे एक भाग पावसात भिजतो आणि लगतचा भाग कोरडा राहतो. दोन्हींच्या रंगात फरक काय, ते बघा.

कॅल्साइटच्या दगडावर, म्हणजे संगमरवर किंवा चुनखडकावर, शहराच्या हवेतला गंधकाचा अंश बसला की पृष्ठभागाचं जिप्सम होतं. काजळी आणि धूळ त्या जिप्सममध्ये अडकून काळं, जाडसर कवच तयार होतं. पाऊस जिथे पोचतो तिथे हे जिप्सम धुऊन जातं आणि दगड पांढरा राहतो. जिथे पोचत नाही, म्हणजे छज्जाच्या पोटाला किंवा मूर्तीच्या हनुवटीखाली, तिथे कवच वाढत जातं. तेव्हा भिजणारा भाग पांढरा आणि आडोशाचा काळा अशी मांडणी दिसली की दगड कॅल्साइटचा. वालुकाश्मावर आणि ग्रॅनाइटवर पाऊस पृष्ठभाग विरघळवत नाही, म्हणून अशी स्वच्छ विभागणी सहसा होत नाही. वालुकाश्माच्या जुन्या भिंती बऱ्याचदा भिजणाऱ्या भागातही सरसकट काळवंडतात.

नवखा माणूस इथे एका ठिकाणी हमखास चकतो. काळेपणा दोन प्रकारचा असतो. जोरदार पावसाच्या प्रदेशात पाण्याच्या वाटेवर शेवाळ आणि सूक्ष्मजीव वाढतात आणि वाळल्यावर काळे पडतात. हे काळे ओघळ छज्जाच्या टोकापासून खाली उतरतात, म्हणजे नेमके भिजणाऱ्या भागात असतात. ते चारही दगडांवर येतात आणि दगडाबद्दल काहीच सांगत नाहीत. आडोशातला काळेपणा बोलतो, ओघळातला गप्प असतो.

कॅल्साइट आहे एवढं ठरलं की संगमरवर आणि चुनखडक वेगळे करायचे. चुनखडकात शिंपल्यांचे तुकडे अनेकदा आजूबाजूच्या दगडापेक्षा चिवट असतात, ते वर उठून दिसतात आणि भिंत खरबरीत होते. हा दगड किती झिजतो याचं मोजमाप सेंट पॉलमध्ये मिळतं. तिथल्या कठड्यातली भोकं 1718 च्या सुमारास शिशाने बुजवून दगडाच्या पातळीत केली होती. 1980 च्या दशकात मोजलं तेव्हा ते शिसं आजूबाजूच्या दगडापेक्षा साधारण 2 सेंटिमीटर वर राहिलेलं होतं. शिसं होतं तिथेच होतं, दगड खाली गेला होता.

संगमरवराची झीज वेगळी. कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने फुगतो आणि दुसऱ्या दिशेने किंचित आकसतो. घट्ट अडकलेले दाणे उन्हातान्हात असे एकमेकांना ढकलत राहतात, सांधे सैल होतात आणि पृष्ठभागाचे कण सुटू लागतात. फोटोत याचा परिणाम म्हणजे सगळंच कोरीवकाम बोथट होतं: नाक, पापण्या, अक्षरांच्या कडा हळूहळू विरतात, पण टवके उडालेले नसतात. पातळ लाद्या तर वाकतात. हेलसिंकीच्या फिनलंडिया हॉलवरच्या इटालियन संगमरवराच्या लाद्या अशा वाकल्या की त्या बदलाव्या लागल्या, आणि नव्या बसवलेल्याही पुन्हा वाकल्या. तिरप्या उन्हातल्या फोटोत प्रत्येक लादीवर वेगळी वक्र सावली पडलेली दिसली तर संगमरवराची शक्यता खूप वाढते.

वालुकाश्म पापुद्र्यांनी जातो. पृष्ठभागाला समांतर काही मिलिमीटर जाडीचा थर सुटतो, त्याखाली ताजा, जास्त उजळ दगड दिसतो, आणि फुटलेल्या पापुद्र्याची कडा तीक्ष्ण असते. त्यामुळे एकाच खांबावर अर्धं कोरीवकाम जसंच्या तसं आणि अर्धं पूर्ण नाहीसं असं चित्र दिसतं. संगमरवरात सगळं थोडं थोडं जातं, वालुकाश्मात काही सगळं जातं आणि काही राहतं. जोत्याच्या वरचा मीटरभराचा पट्टाही बघा. जमिनीतून चढणारी ओल क्षार आणते, ते दगडात स्फटिक होऊन दाणे ढकलतात, आणि तिथे खळगे पडतात किंवा दगडाची भुकटी होते. चुनखडकातही हे होतं, पण खळग्यांमध्ये थरांच्या रेषा उघड्या पडल्या असतील तर वालुकाश्माकडे झुकावं.

ग्रॅनाइट फार सावकाश बदलतो. जुन्या इमारतीच्या कडा अजून धारदार, काळोखी किंवा शेवाळ वरवरचं, आणि दगड फोडताना पाचर बसवण्यासाठी केलेल्या खाचांची ओळ कडेला स्पष्ट, अशी लक्षणं हंपीच्या फोटोत भरपूर दिसतात. त्याला अभेद्य मात्र समजू नका. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला अस्वानच्या ग्रॅनाइटचा स्तंभ 1881 मध्ये तिथे उभा राहिला, आणि त्याच्या काही बाजूंवरची चित्रलिपी पापुद्रे सुटून पार गेली आहे. क्षार आणि ओल एकत्र आले की ग्रॅनाइटही सोलवटतो.

एक फोटो सोडवून बघू

वॉशिंग्टनचं लिंकन स्मारक सरावाला चांगलं आहे, कारण तिथले दगड सगळे फिकट आहेत आणि रंगावरून सुटका नाही. स्मारक 1922 मध्ये खुलं झालं. समोरून काढलेला, खालच्या पायऱ्यांपासून आतल्या पुतळ्यापर्यंत सगळं आलेला एक मोठा फोटो घ्या.

खालच्या पायऱ्या आणि ओट्याच्या भिंतींपासून सुरुवात करा. जवळ गेल्यावर फिकट गुलाबी-करड्या रंगात काळे ठिपके दिसतात, शीर कुठेच नाही, सांध्यांच्या कडा सरळ. हा मॅसॅच्युसेट्सचा ग्रॅनाइट. नजर वर न्या. वरच्या पायऱ्यांवर ठिपके संपतात आणि दगड एकसारखा पांढरा होतो. तिथे आणि बाहेरच्या 36 खांबांवर दगड बदललेला आहे. खांब गोल तुकडे एकावर एक रचून उभे केले आहेत. काही तुकड्यांत पुसट करड्या शिरा आहेत, त्या सांध्यापाशी तुटतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारशेजारचे तुकडे सारखे झिजलेले नाहीत, एकाच्या कडा अजून ठळक आणि लगतच्या बोथट, रवाळ. टवके नाहीत, पापुद्रे नाहीत. हा कोलोरॅडोचा संगमरवर.

आता आत. इथे पाऊस नाही, म्हणून झिजेचा आधार गेला. आतल्या भिंती आणि खांब किंचित पिवळसर, मंद आणि एकसुरी आहेत. शीर नाही, चमक नाही, कडांवर उजेड आत शिरल्यासारखा दिसत नाही. हा इंडियानाचा चुनखडक. त्याच्या पुढ्यात पुतळा आहे, आणि त्याची बोटं आणि चेहऱ्याच्या कडा बघितल्या की फरक कळतो. सावल्या मऊ आहेत, पृष्ठभाग स्फटिकासारखा आहे. पुतळा जॉर्जियाच्या पांढऱ्या संगमरवराचा, 28 तुकडे जोडून केलेला. भिंतीचा फोटो एकटा असता तर संगमरवर की चुनखडक असा वाद घालता आला असता. दोन्ही एका चौकटीत, एकाच उजेडात आहेत म्हणून निवाडा होतो. त्यामुळे शंका असेल तेव्हा त्याच फोटोत तुलनेला दुसरा दगड शोधायचा.

या चारांत बसत नाही तेव्हा

चारच पर्याय धरून बसलं की पाचवा दगड जबरदस्तीने कुठेतरी कोंबला जातो. वेरूळ-अजिंठ्याचा काळा-करडा दगड बसाल्ट आहे. त्यात ग्रॅनाइटचे रंगीत ठिपके नसतात, असलीच तर वायूच्या बुडबुड्यांची भोकं आणि त्यांत भरलेली पांढरी खनिजं असतात. कोकणातला आणि गोव्यातला तांबडा, भोकाभोकांचा जांभा लांबून वालुकाश्म वाटतो, पण त्याला थर नसतात. कोणार्कचं मंदिर मुख्यतः खोंडालाइटचं आहे. तो रूपांतरित दगड झिजून इतका खडबडीत झाला आहे की फोटोवरून बहुतेक लोक त्याला वालुकाश्म म्हणतात. चुन्याच्या गिलाव्याला घोटून आणलेली झिलई तर संगमरवराची बेमालूम नक्कल करते. गिलावा ओळखायचा तो कोपऱ्यावरच्या टवक्यात, कारण आत वेगळ्याच रंगाचा दगड किंवा वीट डोकावते.

दोन जोड्या फोटोवरून सहसा सुटत नाहीत. एक, छपराखालचा घोटलेला घट्ट चुनखडक आणि बारीक दाण्याचा, बिनशिरांचा संगमरवर. दुसरी, पांढरा क्वार्ट्झाइट, म्हणजे उष्णता आणि दाबाखाली घट्ट झालेला वालुकाश्म, आणि संगमरवर. हातातल्या सुट्या तुकड्यावर आम्लाचा थेंब टाकला तर दुसरी जोडी लगेच सुटते, कारण संगमरवर फसफसतो आणि क्वार्ट्झाइट नाही. पण स्मारकाच्या दगडावर असा प्रयोग कुणीही करू नये. त्याऐवजी फोटो काढणाऱ्याकडे आणखी एक फोटो मागा: तुटलेल्या कडेचा, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हातला, शेजारी नाणं धरून काढलेला, आणि मूळ फाइल, न दाबलेली. तोही मिळाला नाही तर फोटोखाली "संगमरवर किंवा चुनखडक" असं दोन्ही लिहावं.